पासवर्ड बरोबर, तरी मेल बंद

सकाळी चहाचा कप घेऊन मेल उघडावी आणि पत्रांऐवजी एक चौकट समोर यावी: सर्व्हरने तुमचे लॉगिन नाकारले आहे, पुन्हा प्रयत्न करा किंवा नवा पासवर्ड द्या. पासवर्ड तोच असतो, गेली पंधरा-वीस वर्षे बिनतक्रार चाललेला. तो पुन्हा सावकाश टाइप केला तरी चौकट परत येते. मग माणूस वहीत लिहून ठेवलेला पासवर्ड शोधतो, मग मुलाला फोन करतो, आणि शेवटी पासवर्डच बदलून टाकतो. तरीही चौकट हटत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे घडले आहे. त्याचे कारण एका वाक्यात सांगता येते: पासवर्ड चुकलेला नसतो, तो देण्याची जुनी रीत बंद झालेली असते. हे वाक्य नीट समजले तर पुढची दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. ते न समजता खटपट केली, तर मात्र संगणकावर साठलेली जुनी पत्रे कायमची गमावण्याचा धोका आहे. म्हणून आधी नेमके काय बदलले ते पाहू आणि मग एक उदाहरण पायरीपायरीने सोडवू.

कोणी कधी बंद केले

ही रीत एकाच दिवशी सगळीकडे बंद झाली नाही, त्यामुळे गोंधळ वाढला. गुगलने जीमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून मेलच्या प्रोग्रामला नुसता पासवर्ड देऊन आत येण्याची सोय काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने कंपन्या आणि विद्यापीठे यांच्या मेलसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून ती बंद करायला सुरुवात केली. हॉटमेल, लाइव्ह आणि आउटलुक डॉट कॉम या घरगुती पत्त्यांची पाळी १६ सप्टेंबर २०२४ रोजी आली. त्यामुळे एकाच घरात आजोबांची जीमेल आधी अडली, आईची ऑफिसची मेल त्यानंतर अडली आणि आजींची हॉटमेल शेवटी अडली, असे होऊ शकले. प्रत्येकाला वाटले की बिघाड आपल्याच संगणकात आहे.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. ब्राउझरमध्ये जाऊन मेल वाचणाऱ्यांना यातले काहीच जाणवले नाही. कंपनीचे स्वतःचे अॅप फोनवर वापरणाऱ्यांनाही नाही. अडले ते थंडरबर्ड, जुने आउटलुक, विंडोज लाइव्ह मेल असे वेगळे प्रोग्राम वापरणारे, आणि अडली ती स्कॅन केलेला कागद थेट मेलने पाठवणारी घरची प्रिंटर यंत्रे. कारण ही सगळी मंडळी कंपनीच्या पुढच्या दारातून जात नाहीत. ती आयमॅप, पॉप आणि एसएमटीपी या जुन्या वाटांनी जातात.

जुनी रीत कशी होती

आयमॅप ही मेल वाचण्याची भाषा १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. तेव्हा संगणक विद्यापीठाच्या खोलीत असत आणि त्यांना हात लावणारी माणसे एकमेकांना ओळखत. त्या भाषेत आत येण्यासाठी एक ओळ पुरे होती. आजही ती ओळ अशीच दिसते, आणि तिच्याखाली नवी रीत कशी दिसते तेही दाखवतो:

```
a1 LOGIN "asha@example.com" "majha-password"

a1 AUTHENTICATE XOAUTH2 dXNlcj1hc2hh...
```

पहिल्या ओळीत नाव आणि पासवर्ड आहे, आणि संभाषण तिथेच संपते. सर्व्हर हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. ‘तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी कोड सांगा’ असे विचारायला त्या ओळीत जागाच नाही. म्हणजे तुम्ही ब्राउझरसाठी दोन पायऱ्यांची तपासणी हौसेने सुरू केली असली, तरी या मागच्या वाटेने येणाऱ्याला ती लागू करता येत नव्हती. चोरांना हे ठाऊक होते. दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवरून फुटलेले पासवर्ड घेऊन ते आयमॅपचे दार खटखटवत, कारण तिथे कोड विचारणारे कोणी नव्हते. दरवाजावर दोन कुलपे आणि मागची खिडकी नुसती कडी लावलेली, असा तो प्रकार होता.

दुसरी अडचण पासवर्ड कुठे साठतो याची आहे. मेलचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी नवी पत्रे आहेत का ते विचारतो, आणि जोडणी नव्याने होते तेव्हा पासवर्ड पुन्हा पाठवतो. वाटेत तो गुप्त राहतो, कारण जोडणी सांकेतिक असते. पण दर वेळी तो टाइप करणे शक्य नसल्यामुळे प्रत्येक यंत्राला तो जवळ ठेवावा लागतो: डेस्कटॉपवर, जुन्या लॅपटॉपवर, टॅबलेटवर, प्रिंटरमध्ये. यातले कुठलेही यंत्र हरवले, तर अख्ख्या खात्याची किल्ली गेली. त्या किल्लीने केवळ पत्रे वाचता येत नाहीत, तर पासवर्ड बदलून तुम्हालाच बाहेर ठेवता येते. वर, एका यंत्राचा अधिकार काढायचा तर पासवर्ड बदलून सगळ्याच यंत्रांना नवा द्यावा लागतो.

कुलमुखत्यारपत्र आणि विशेष मुखत्यारपत्र

नवी रीत समजायला आपल्या परदेशस्थ मंडळींना एक उदाहरण आयते आहे. भारतातल्या फ्लॅटचे काही काम असले की आपण तिथल्या भावाच्या किंवा भाचीच्या नावे मुखत्यारपत्र करतो. कुलमुखत्यारपत्र दिले की आपल्या वतीने जवळपास सगळे व्यवहार करण्याचा अधिकार त्यांना मिळतो. विशेष मुखत्यारपत्रात मात्र काम नेमके लिहिलेले असते: अमुक फ्लॅटचा भाडेकरार नोंदवणे, इतकेच. त्याने फ्लॅट विकता येत नाही, आणि काम झाले की आपण तेवढेच रद्द करू शकतो.

मेलच्या प्रोग्रामला पासवर्ड देणे हे कुलमुखत्यारपत्र होते. टोकन हे विशेष मुखत्यारपत्र आहे. या पद्धतीचे नाव ओऑथ, आणि सध्याची तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. ती अशी चालते: मेलचा प्रोग्राम तुमच्याकडे पासवर्ड मागतच नाही. तो मेल कंपनीचे लॉगिनचे पान एका छोट्या खिडकीत उघडतो. तुम्ही पासवर्ड आणि फोनवरचा कोड देता तो कंपनीच्या त्या पानावर. मग कंपनी विचारते, ‘या प्रोग्रामला तुमची पत्रे वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी द्यायची का?’ तुम्ही हो म्हणालात की कंपनी प्रोग्रामच्या हाती अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक माळ देते. ती माळ म्हणजे टोकन. वरच्या दुसऱ्या ओळीत अगम्य अक्षरांत जे पुढे सरकते आहे, त्यात तुमचे नाव आणि ही माळ असते, पासवर्ड नसतो.

खरे तर टोकने दोन असतात, आणि पुढच्या अनेक कोड्यांचे उत्तर या जोडीत आहे. पहिले रोजच्या कामाचे. ते साधारण तासाभरात आपोआप निकामी होते, म्हणून कोणाच्या हाती लागले तरी त्याचा उपयोग थोडा वेळच. दुसरे दीर्घ मुदतीचे. ते दाखवून प्रोग्राम दर तासाला पहिल्या प्रकारचे नवे टोकन मागून घेतो. तुम्हाला यातले काही दिसत नाही. दुसरे टोकन जोवर जिवंत आहे, तोवर लॉगिनचे पान पुन्हा समोर येत नाही.

एका घरातले उदाहरण

आता एक घर कल्पून घेऊ. आजींचा हॉटमेलचा पत्ता १९९८ सालचा, म्हणजे हॉटमेल मायक्रोसॉफ्टने विकत घेतल्यानंतरच्या पहिल्याच वर्षातला. त्या थंडरबर्ड वापरतात आणि मेल पॉपने उतरवून घेतात. पॉपची जुनी सवय अशी की पत्र संगणकावर उतरले की सर्व्हरवरून पुसले जाते. त्यामुळे सांगलीच्या भावाने वीस वर्षांत पाठवलेली सगळी पत्रे फक्त या एका डेस्कटॉपवर आहेत. भाऊ आता नाही. भारतातल्या बँकेकडे, विमा कंपनीकडे आणि सोसायटीकडे हाच पत्ता नोंदवलेला आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये चौकट आली. आजींनी पासवर्ड चार वेळा टाकला. कॉलेजात शिकणारा नातू शनिवारी आला तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, हे खातंच काढून टाक आणि नव्याने घाल. प्रिंटरचं तसंच केलं होतंस ना?”

नातवाने माउसला हात लावण्याआधी ब्राउझर उघडला आणि तोच पासवर्ड टाकून हॉटमेलच्या पानावर गेला. ते उघडले. “आजी, पासवर्ड बरोबर आहे गं. तू काही चुकवलं नाहीस.”

निदान एवढेच आहे. ब्राउझरमध्ये चालतो आणि प्रोग्राममध्ये चालत नाही, म्हणजे रीत बंद झाली आहे. दोन्हीकडे चालत नसेल तर पासवर्ड खरोखर चुकला आहे किंवा खाते अडवले गेले आहे, आणि तो इलाज वेगळा. पत्र पाठवताना आलेला निरोप वाचला तर आणखी खात्री पटते. मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर स्पष्ट सांगतो:

```
535 5.7.139 Authentication unsuccessful, basic authentication is disabled
```

मेल येण्याच्या बाजूला मात्र बहुधा नुसते ‘लॉगिन फसले’ एवढेच दिसते, म्हणून लोक पासवर्डवर संशय घेतात. जीमेलचा निरोप थोडा वेगळा असतो, आणि त्यात कित्येकदा `Application-specific password required` हे शब्द असतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

खाते काढून टाकायला नातवाने ठाम नकार दिला, आणि ते बरोबर होते. थंडरबर्डमध्ये खाते काढताना पत्रांचा साठाही पुसायचा का, असे एका चौकोनाने विचारले जाते. घाईत तिथे खूण झाली तर पॉपने उतरवलेली पत्रे जातात, आणि सर्व्हरवर ती नसल्यामुळे परत आणायला जागा उरत नाही. म्हणून पहिली पायरी नक्कल काढण्याची. वरच्या मेनूतून `Help`, मग `Troubleshooting Information`, आणि तिथे `Profile Folder` समोरचे बटण दाबले की सगळा साठा असलेला फोल्डर उघडतो. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवला. भावाची पत्रे आता दोन ठिकाणी झाली.

दुसरी पायरी प्रोग्रामच्या वयाची. मायक्रोसॉफ्टच्या टोकनची सोय थंडरबर्डमध्ये २०२० सालच्या ७८ या आवृत्तीपासून रुळली. त्याआधीची आवृत्ती असेल तर पुढचे काही जमणार नाही. आधी नवी आवृत्ती घ्यावी. विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांसाठी थंडरबर्डची शेवटची आवृत्ती ११५ आहे.

तिसरी पायरी लहान पण नेमकी अडवणारी आहे. `Settings` मध्ये `Privacy & Security` या पानावर `Accept cookies from sites` ही खूण असायला हवी. लॉगिनचे पान एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना कुकीच्या आधाराने तुम्हाला ओळखते. ती बंद असेल तर खिडकी उघडते, पासवर्ड घेते आणि काहीच न होता मिटते.

चौथी पायरी मुख्य. `Account Settings` मध्ये आजींच्या खात्याखाली `Server Settings` उघडले. सर्व्हरच्या जागी `pop3.live.com` हे फार जुने नाव होते. खाली `Authentication method` च्या यादीत `OAuth2` हा पर्यायच दिसेना. इथे बरेच जण हार मानतात. थंडरबर्ड हा पर्याय सर्व्हरच्या नावावरून ठरवतो. नाव त्याच्या माहितीतले नसेल तर पर्याय देत नाही. म्हणून आधी नाव बदलायचे आणि मग पर्याय निवडायचा. हॉटमेल, लाइव्ह आणि आउटलुक डॉट कॉम या पत्त्यांसाठी माहिती अशी:

```
POP3  outlook.office365.com  995  SSL/TLS   OAuth2
IMAP  outlook.office365.com  993  SSL/TLS   OAuth2
SMTP  smtp-mail.outlook.com  587  STARTTLS  OAuth2
```

पहिल्या दोन ओळींपैकी तुमच्या खात्याचा जो प्रकार असेल ती एकच घ्यायची. आजींचे पॉप, म्हणून पहिली. सर्व्हरचे नाव बदलल्यावर थंडरबर्डला वाटू शकते की हा नवाच सर्व्हर आहे. मग तिथे शिल्लक असलेली काही पत्रे पुन्हा उतरतात आणि दोनदा दिसतात. त्याने नुकसान काही नाही, नंतर निवांतपणे पुसता येतात. पॉप वापरणाऱ्यांनी ब्राउझरमधल्या मेलच्या सेटिंगमध्ये पॉपला परवानगी आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. ती बंद असेल तर टोकन मिळूनही पत्रे उतरत नाहीत.

तिसरी ओळ सगळ्यांनाच लागते, आणि नेमकी तीच राहून जाते. पत्रे येण्याची वाट आणि जाण्याची वाट या थंडरबर्डच्या लेखी वेगळ्या आहेत. डावीकडच्या यादीत सगळ्यात खाली `Outgoing Server (SMTP)` असते. तिथे आजींच्या पत्त्याची नोंद निवडून, `Edit` दाबून तिलाही `OAuth2` द्यावे लागते. ‘मेल येते, पण जात नाही’ अशी तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा आधी ही जागा पाहावी.

पाचवी पायरी जुना पासवर्ड काढण्याची. `Privacy & Security` मध्येच `Saved Passwords` चे बटण आहे. तिथे हॉटमेलच्या सर्व्हरच्या नावे साठलेल्या जुन्या नोंदी काढल्या, थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडला आणि मेल मागवली. या वेळी राखाडी चौकट आली नाही. मायक्रोसॉफ्टचे लॉगिनचे पान एका खिडकीत उघडले.

इथे नातवाने आजींना थांबवून खिडकीच्या वरचा पत्ता वाचायला लावला. तो `login.microsoftonline.com` किंवा `login.live.com` असाच असला पाहिजे. टोकनाच्या पद्धतीत पासवर्ड फक्त कंपनीच्या पानावर द्यायचा असतो, म्हणून पान कोणाचे आहे ते पाहणे हे आता आपले काम झाले आहे. आजींनी पासवर्ड टाकला, फोनवरचा कोड टाकला, आणि मोझिला थंडरबर्डला मेल वाचण्याची व पाठवण्याची परवानगी मागणारे पान आले. त्यांनी `Accept` दाबले. अर्ध्या मिनिटात तीन आठवड्यांची पत्रे उतरू लागली. त्यात सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीसही होती.

काम खरोखर झाले की नाही, हे पाहायलाही जागा आहे. पुन्हा `Saved Passwords` उघडले. आता तिथे पासवर्ड नव्हता. `oauth://login.microsoftonline.com` या नावाची नोंद होती. तेच ते दीर्घ मुदतीचे टोकन. शेवटी आजींनी स्वतःलाच एक पत्र पाठवून पाहिले. ते गेले आणि आलेही, म्हणजे दोन्ही वाटा सुरू झाल्या.

ज्यांना टोकन कळत नाही

काही प्रोग्राम इतके जुने आहेत की त्यांना ही रीत शिकवता येत नाही. विंडोज लाइव्ह मेलचा सांभाळ जानेवारी २०१७ मध्येच थांबला, त्याला टोकन म्हणजे काय ते माहीत नाही. अशा प्रोग्राममधली पत्रे आधी बाहेर काढून ठेवावीत आणि नवा प्रोग्राम घ्यावा.

जीमेलवाल्यांना एक मधला मार्ग आहे. खात्याला दोन पायऱ्यांची तपासणी सुरू असेल, तर गुगल एका प्रोग्रामपुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड तयार करून देते. त्याला अॅप पासवर्ड म्हणतात. जुन्या प्रोग्राममध्ये किंवा प्रिंटरमध्ये नेहमीच्या पासवर्डऐवजी तो टाकला की काम चालते. वर सांगितलेला `Application-specific password required` हा निरोप हेच मागत असतो. अॅप पासवर्ड वेगळा रद्द करता येतो, एवढा त्याचा फायदा. पण चोरीला गेला तर तासाभरात मरत नाही, म्हणून जो प्रोग्राम टोकन घेऊ शकतो त्याला टोकनच द्यावे. हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या पत्त्यांना मात्र हा मार्ग आता नाही. तिथे प्रिंटरवरून थेट मेल पाठवण्याऐवजी स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि संगणकावरून पाठवावा, हेच सोपे.

मेल अडलेली असताना आणखी एक चूक महागात पडते, ती म्हणजे इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधणे. अशा शोधात पुष्कळदा भामट्यांचे नंबर वर येतात. ते तुमचा संगणक दुरून ताब्यात घेण्याचे सॉफ्टवेअर टाकायला सांगतात किंवा फोनवर आलेला कोड विचारतात. वरच्या उदाहरणात कुठल्याही पायरीवर दुसऱ्या माणसाला कोड सांगावा लागला नाही, हे ध्यानात ठेवावे. कोड विचारणारा फोन आला की तो ठेवून द्यावा.

भारतात जाण्याआधी

आपल्यापैकी निवृत्त झालेले बरेच जण थंडीचे चार-पाच महिने पुण्या-मुंबईत किंवा गावी काढतात. त्यांच्यासाठी टोकनाच्या दोन खोडी आधीच सांगून ठेवतो.

पहिली अशी की दीर्घ मुदतीचे टोकन न वापरता पडून राहिले तर मरते. मायक्रोसॉफ्टकडे ही मुदत साधारण ९० दिवसांची आहे, गुगलकडे सहा महिन्यांची. नोव्हेंबरात डेस्कटॉप बंद करून गेलात आणि मार्चअखेर परतलात, तर मायक्रोसॉफ्टची मेल उघडताना लॉगिनचे पान पुन्हा येईल. बिघाड झालेला नाही, मुखत्यारपत्राची मुदत संपली आहे. पासवर्ड बदलल्यावरही असेच होते, तेव्हाही घाबरू नये. अशा वेळी वरच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा करायच्या नाहीत, फक्त खिडकीवरचा पत्ता पाहून लॉगिन करायचे.

दुसरी खोड अधिक त्रासाची. लॉगिनचा कोड परदेशातल्या नंबरवर एसएमएसने येत असेल आणि भारतात उतरताच तुम्ही ते सिमकार्ड काढून डब्यात ठेवत असाल, तर कोड येणार कुठे? नवीन जागेवरून, नवीन देशातून लॉगिन होते आहे असे दिसले की कंपनी कोड हमखास मागते. म्हणून निघण्यापूर्वी, सिमकार्ड फोनमध्ये असतानाच, खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन ऑथेंटिकेटर अॅप जोडून घ्यावे. ते फोनवरच दर अर्ध्या मिनिटाला नवा सहा आकडी कोड तयार करते, त्याला ना सिमकार्ड लागते ना इंटरनेट. संकटकाळासाठी गुगल दहा कोडांची यादी देते आणि मायक्रोसॉफ्ट एक लांब रिकव्हरी कोड देते. तो कागद छापून पासपोर्टसोबत ठेवावा, फोनमध्ये नव्हे. फोनच हरवला तर फोनमधला कोड काय कामाचा?

तरुण वाचकांपैकी जे आईवडिलांची मेल इथून सांभाळतात, त्यांनाही हे लागू आहे. पूर्वी बाबांचा पासवर्ड आपल्या लॅपटॉपमध्ये टाकून ठेवला की झाले. आता पहिल्या लॉगिनच्या वेळी कोड बाबांच्या फोनवर जाईल, तेही तिथे मध्यरात्र असताना. तेव्हा वेळ ठरवून, तुम्हीच त्यांना फोन लावून हे काम करावे, आणि इतर कोणी असा कोड मागितला तर द्यायचा नाही हेही त्याच वेळी सांगावे.

दिलेली परवानगी कुठे दिसते

टोकनाचा खरा फायदा शेवटी कळतो, तो परवानगी काढून घेताना. गुगलच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या पानावर, सुरक्षा किंवा गोपनीयता या भागात, तुम्ही आजवर कोणकोणत्या प्रोग्रामना परवानगी दिली आहे त्याची यादी असते. ती एकदा उघडून पाहावी. बहुतेकांना तिथे विसरलेली नावे सापडतात: कधीतरी लावून पाहिलेले कॅलेंडरचे अॅप, किंवा एखादा खेळ. प्रत्येकासमोर नेमकी कशाची परवानगी आहे तेही लिहिलेले असते. पत्रे वाचण्याची परवानगी एखाद्या खेळाकडे असेल, तर ती लगेच काढावी. भामटेही हल्ली पासवर्ड न मागता अशी परवानगीच मागतात, आणि ती दिली की पासवर्ड बदलूनही भागेल असे नाही. ती या यादीतूनच काढावी लागते.

संगणकावर बसलेले टोकन ही तुमच्या पत्रांची किल्लीच आहे, हे विसरू नये. थंडरबर्डमध्ये `Use a Primary Password` ही खूण केली, तर तो एक शब्द दिल्याशिवाय साठवलेली टोकने उघडत नाहीत. जुना लॅपटॉप कोणाला देणार असाल, तर देण्यापूर्वी त्यातले थंडरबर्डचे फोल्डर पुसा आणि यादीतून थंडरबर्डची परवानगी काढा. काढल्यावरही रोजच्या कामाचे टोकन तासभर जिवंत असू शकते, म्हणून हे काम लॅपटॉप गाडीत ठेवताना नको, आदल्या दिवशी करा. घरच्या दुसऱ्या संगणकावर थंडरबर्ड असेल तर तिथे लॉगिनचे पान एकदा पुन्हा येईल. वरचा पत्ता वाचायचा, पासवर्ड टाकायचा, कोड टाकायचा, की तिथली मेल पूर्ववत चालू होते.